प्रश्नचिन्ह कोणाचं आहे?

1996 साली किल्लारीच्या भूकंपावर दोन शोधनिबंध निघाले. पहिला 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'मध्ये, लिओनार्डो सीबर आणि सहकाऱ्यांचा. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा : 'मध्य भारतातला 1993चा किल्लारी भूकंप : बेसॉल्टच्या थरांतला एक नवा भ्रंश?' दुसरा 'जिऑलॉजी'मध्ये, सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि बिजू जॉन यांचा. त्याचं शीर्षक सांगतं की हा भूकंप म्हणजे कॅम्ब्रियनपूर्व कवचातला जुना भ्रंश पुन्हा जागा झाल्याचं उदाहरण आहे.

एकच भूकंप, एकच जमीन, एकच वर्ष. एक गट विचारतो की भेग नवी आहे का, दुसरा म्हणतो जुनीच होती, पुन्हा हलली. पहिल्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, दुसऱ्याच्या नाही.

आमच्या लोहारा तालुक्यात हा वाद नुसता शास्त्रज्ञांचा नाही. भूकंपाला बाहेरचं जग 'लातूरचा भूकंप' म्हणतं, पण सास्तूरसारखी धाराशिव जिल्ह्यातली गावंही त्यात भुईसपाट झाली. मी त्यानंतर काही वर्षांनी, पुनर्वसित गावात जन्मलो. आमच्याकडे भूकंपाचं कारण म्हणून आजही दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, जमिनीखाली आधीपासूनच चीर होती. दोन, माकणीच्या धरणात पाणी साठलं म्हणून झालं. दोन्ही गोष्टी सांगणारी माणसं 'शास्त्रज्ञांनीच लिहिलंय' असं ठामपणे म्हणतात.

गावातल्या निवृत्त गुरुजींनी मला सीबर यांच्या निबंधाची झेरॉक्सची स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली. कुणाच्या तरी संग्रहातून फिरत आली होती. पाठोपाठ फोन. "तू कॉम्प्युटरवाला हायस. हे अठरा पानं इंग्रजी हाय, दोन-दोन रकान्यांचं. काय म्हणायलंय रे त्यात? नवी चीर का जुनी? एका पानात मराठीत लिहून दे. पण तुझं मत घालू नको, त्यांनी काय म्हटलंय तेच लिही."

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. कागदांच्या चित्रांतून मजकूर काढणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे गुरुजींच्या शेवटच्या वाक्यात खरी अडचण कुठे आहे ते लगेच कळलं. 'त्यांनी काय म्हटलंय' हे सांगायचं, तर त्यांनी ते ज्या क्रमाने म्हटलंय त्याच क्रमाने मजकूर हाती यायला हवा. दोन रकान्यांच्या स्कॅनमध्ये नेमका तोच क्रम सगळ्यात आधी बिघडतो.

यंत्राला रकाना दिसत नाही

स्कॅन केलेलं पान हे चित्र असतं. त्यात अक्षरं नसतात, काळे-पांढरे ठिपके असतात. आपण पान पाहताक्षणी दोन रकाने ओळखतो आणि डावा संपवून उजव्याकडे जातो. साधी अक्षरओळख प्रणाली मात्र एका उंचीवरची सगळी अक्षरं एकाच ओळीतली समजू शकते. मग डाव्या रकान्याची पहिली ओळ, तिला जोडून उजव्याची पहिली, मग डाव्याची दुसरी, अशी गोधडी तयार होते.

ही चूक निदान लपत नाही. तीन ओळी वाचल्या की काही तरी गडबड आहे हे कळतं, कारण वाक्य व्याकरणात बसत नाही. ती टाळायची तर दोन रकान्यांमधली पांढरी पट्टी आधी शोधावी लागते, आणि ती शोधण्याआधी पान सरळ करावं लागतं.

सरळ करणं किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहू. माझ्याकडचं स्कॅन 300 डीपीआयचं होतं, म्हणजे पान 2550 ठिपके रुंद आणि 3300 उंच. मधली पट्टी 75 ठिपक्यांची, म्हणजे पाव इंच. मजकुराची उंची सुमारे 2700 ठिपके. झेरॉक्स करताना जाड अंक काचेवर नीट बसत नाही आणि पान थोडं तिरकं येतं. एक अंश तिरकं झालं, तर वरपासून खालपर्यंत ती पट्टी 47 ठिपके बाजूला सरकते आणि सरळ उभी पांढरी जागा 28 ठिपक्यांचीच उरते. तिरकेपणा सुमारे 1.6 अंशांवर गेला, तर सरळ उभी रेघ ओढण्याजोगी मोकळी जागा उरतच नाही. डोळ्याला एवढा तिरकेपणा जेमतेम जाणवतो.

ओळींचंही तसंच. अशा निबंधात एका ओळीपासून दुसरी ओळ साधारण 46 ठिपक्यांवर असते. मजकुराच्या 2100 ठिपके रुंदीवर एक अंशाचा तिरकेपणा 37 ठिपक्यांचा फरक पाडतो, म्हणजे ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास एक ओळ घसरते.

पान सरळ झाल्यावर पट्टी शोधणं सोपं आहे. प्रत्येक उभ्या रेघेवर किती काळे ठिपके आहेत ते मोजायचं आणि पानाच्या मधल्या भागात जिथे शाई सगळ्यात कमी आहे ती जागा घ्यायची. `y0` आणि `y1` या मजकुराच्या वरच्या-खालच्या कडा :

```python
ink = (page[y0:y1] < 128).sum(axis=0)
strip = np.convolve(ink[900:1650], np.ones(40), "valid")
gutter = 900 + 20 + int(strip.argmin())
```

पानभर रुंदीची आकृती किंवा सारांश असेल तर तो भाग `y0` ते `y1`च्या बाहेर ठेवायचा. नाहीतर आकृतीची शाई पट्टीवर पडते आणि उत्तर चुकतं. त्यानंतर पान दोन चित्रांत कापायचं आणि प्रत्येक रकाना वेगळा वाचायला द्यायचा :

```
tesseract p03_L.png p03_L -l eng --psm 6
tesseract p03_R.png p03_R -l eng --psm 6
```

`--psm 6` म्हणजे 'हा मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं समज'. रकाने शोधायचं काम आपण आधीच केलेलं असतं, म्हणून यंत्राला त्यात डोकं घालू द्यायचं नाही.

जी चूक वाचताना दिसत नाही

घातक चूक निराळी आहे. पान तुकड्यांत पाडायची एक जुनी आणि लोकप्रिय रीत अशी : पानावर मोठी मोकळी जागा शोधायची, आडवी असो वा उभी, आणि तिथे काप द्यायचा. मिळालेल्या प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच करायचं. वरचा तुकडा आधी, खालचा नंतर. डावा आधी, उजवा नंतर. बहुतेक पानांवर हे छान चालतं. पण कधी कधी डाव्या रकान्यातला परिच्छेद आणि उजव्या रकान्यातला परिच्छेद योगायोगाने एकाच उंचीवर संपतात. शेजारी उपशीर्षक असेल तर तिथली मोकळी जागा आणखी मोठी असते. मग पानभर आडवी पांढरी पट्टी दिसते, यंत्र आधी आडवा काप घालतं, आणि वाचन डावं-वर, उजवं-वर, डावं-खाली, उजवं-खाली असं होतं.

याचा परिणाम कळावा म्हणून एक नमुना देतो. हा मजकूर कुठल्याही निबंधातला नाही, मीच रचलेला आहे. एका पानावर चार परिच्छेद आहेत असं समजा :

डावं-वर : काही अभ्यासकांच्या मते ही भेग जुनीच आहे.
डावं-खाली : ही मांडणी आम्हाला मान्य नाही.
उजवं-वर : काही अभ्यासकांच्या मते धरणातलं पाणी कारणीभूत आहे.
उजवं-खाली : याबाबत ठाम सांगण्याइतकी मापे उपलब्ध नाहीत.

बरोबर क्रमाने वाचलं तर लेखक जुन्या भेगेची मांडणी नाकारतात आणि धरणाबद्दल मापे नाहीत म्हणून थांबतात. आता आडवा काप घालून वाचा : काहींच्या मते भेग जुनी. काहींच्या मते धरणाचं पाणी कारणीभूत. ही मांडणी आम्हाला मान्य नाही. याबाबत ठाम सांगण्याइतकी मापे उपलब्ध नाहीत.

प्रत्येक वाक्य शाबूत आहे. एकही शब्द चुकलेला नाही. तरी लेखकांनी धरणाची शक्यता फेटाळली असा अर्थ निघाला, जो त्यांनी कधी मांडलाच नव्हता. 'ही मांडणी', 'याबाबत', 'तथापि' अशा शब्दांना स्वतःचा अर्थ नसतो, तो आधीच्या वाक्यातून येतो. क्रम बदलला की ते दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. यावरून कुणी एक पानाचा गोषवारा केला, तर गावात 'शास्त्रज्ञांनी धरणाचं खोटं ठरवलंय' हे वाक्य पक्कं होऊन फिरेल.

म्हणून माझा नियम साधा आहे. आधी मधली उभी पट्टी शोधायची. आडवा काप द्यायचा तो फक्त त्या पट्टीवरून काही आरपार जात असेल तिथेच, म्हणजे पानभर रुंदीची आकृती, तक्ता किंवा शीर्षक असेल तिथे. परिच्छेदांमधली रिकामी जागा कितीही मोठी असो, ती आडवा काप द्यायचं कारण होऊ शकत नाही. पानाच्या मध्येच पूर्ण रुंदीची आकृती आली, तर तिच्या वरचे दोन्ही रकाने आधी वाचायचे आणि मग खालचे दोन्ही. आकृती एकाच रकान्यापुरती असेल, तर तिची ओळख बाजूला काढून रकाना तिच्या खाली पुढे चालू ठेवायचा.

एवढं करूनही क्रम बरोबर आला का, हे तपासायला निबंधातच खुणा असतात. सर्वांत भरवशाची खूण आकृत्यांचे क्रमांक. आकृत्यांना क्रमांक साधारणपणे मजकुरात त्यांचा पहिला उल्लेख येतो त्या क्रमाने दिलेले असतात. काढलेल्या मजकुरात आकृती 5चा पहिला उल्लेख आकृती 4च्या आधी आला, तर त्या पानावर परत जायचं. दुसरी खूण रकान्याची शेवटची ओळ. ती पूर्णविरामाने संपली नसेल, तर पुढच्या रकान्याची पहिली ओळ तिला व्याकरणाने जुळलीच पाहिजे. शब्द जोडरेघेने तुटला असेल तर पारख आणखी सोपी, कारण दोन अर्धुकांचा मिळून खरा शब्द व्हायला हवा. अठरा पानं म्हणजे रकान्यांचे पस्तीस सांधे. मी ते सगळे डोळ्यांनी तपासले. त्याला एक संध्याकाळ लागली.

सांध्यांमध्येच दुसरा कचराही अडकतो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लेखकांची नावं आणि निबंधाचं छोटं शीर्षक असतं. ते काढलं नाही तर पानाच्या शेवटी तुटलेल्या वाक्याच्या पोटात जाऊन बसतं. पहिल्या पानावर या नियतकालिकात डाव्या रकान्याच्या तळाशी स्वामित्वहक्काच्या ओळी असत. वाचनाच्या क्रमात त्या डाव्या आणि उजव्या रकान्यांच्या बरोबर मध्ये येतात. त्या ओळखून वेगळ्या काढाव्या लागतात.

तेरणेचं `Tema` होतं

क्रम लागला, आता अक्षरं. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये शाई पसरते आणि `r` व `n` एकमेकांना चिकटून `m` दिसू लागतात. `modern`चं `modem` होणं हे या धंद्यातलं जुनं दुखणं. आमच्या भागाचं वाचताना ते थेट नदीवर येतं. तेरणा इंग्रजीत `Terna` किंवा `Tirna` अशी लिहितात. यंत्र तिची `Tema` आणि `Tima` करून टाकतं. मग 'तेरणा' शोधणाऱ्याला नदी सापडत नाही आणि परका वाचक तेमा नावाचं एखादं गाव कल्पून मोकळा होतो.

आकड्यांतला टिंब आणखी फसवा. फिकट प्रतीत दशांशचिन्ह पुसलं जातं. तीव्रता 6.1ऐवजी 61 आली तर कुणीही हसेल. पण खोलीच्या आकड्यात 2.6 किलोमीटरचे 26 झाले, तर संख्या दिसायला तितकीच शहाणी वाटते. तिथे पान सोडून विषयाकडे वळावं लागतं. किल्लारीचा भूकंप उथळ होता आणि त्याची भेग जमिनीवर उमटली होती. सहाच्या आसपासचा भूकंप 26 किलोमीटर खोल झाला असता, तर पृष्ठभागावर भेग दिसणं कठीण. संख्या आणि उरलेला निबंध एकमेकांशी भांडू लागले की मूळ चित्र मोठं करून पाहायचं आणि तोच आकडा तक्त्यात किंवा आकृतीच्या ओळखीत दुसऱ्यांदा मिळतो का ते शोधायचं.

याउलट, जे चुकीसारखं दिसतं ते बरोबरही असू शकतं. परदेशी निबंधांत या भूकंपाची तारीख 29 सप्टेंबर 1993 अशी येते. आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी 30 सप्टेंबर आहे. दोन्ही खरं. जागतिक वेळेनुसार तो 29 तारखेच्या रात्री 10 वाजून 25 मिनिटांनी झाला. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे 30 तारखेची पहाट, 3 वाजून 55 मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती ती हीच पहाट. तीव्रतेचंही तसंच : 6.1, 6.2, 6.3, 6.4 असे आकडे वेगवेगळ्या लेखांत दिसतात, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. गोषवाऱ्यात ज्या निबंधात जे आहे तेच ठेवायचं आणि शेजारी 'जागतिक वेळेनुसार' किंवा मोजपट्टीचं नाव लिहायचं. आपणच 'दुरुस्ती' केली, तर पुढचा वाचक मूळ पानाशी ताडून पाहताना अडकेल.

एक पान, पाच कप्पे

गोषवाऱ्याला मी वैद्यकीय नियतकालिकांची चाल घेतली. 1987 सालापासून त्या क्षेत्रात सारांश सलग परिच्छेदात न लिहिता ठरावीक मथळ्यांखाली लिहावा अशी मागणी सुरू झाली. हेतू हा, की वाचकाला पद्धत आणि निष्कर्ष वेगळे दिसावेत आणि लेखकाला कुठलाही कप्पा गुपचूप रिकामा ठेवता येऊ नये. मी पाच कप्पे केले : पार्श्वभूमी, प्रश्न, पद्धत, काय आढळलं, त्यावरून काय म्हणतात.

कप्पे भरताना निबंधातल्या प्रत्येक विधानाला दोन चिठ्ठ्या लावल्या. पहिली पत्त्याची : पान आणि रकाना. '8543 उ.' म्हणजे पान 8543, उजवा रकाना. दुसरी चिठ्ठी मालकीची. विधान लेखकांनी स्वतः पाहिलेलं आहे, त्यांनी काढलेलं अनुमान आहे, की दुसऱ्या कुणाचं मत ते सांगताहेत? चौथ्या कप्प्यात फक्त पहिल्या प्रकारची विधानं, पाचव्यात दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्यांची मतं पार्श्वभूमीत, नावानिशी. भेग नवी का जुनी यावर लिहिणारा प्रत्येक निबंध विरुद्ध बाजूचं मत सांगतोच. ते मत लेखकांच्या तोंडी घातलं की गोषवारा उलटा होतो.

क्रियापदांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. शास्त्रीय इंग्रजीत 'दिसलं', 'सूचित होतं', 'असू शकतं' यांच्यात पायऱ्या असतात. मराठीत उतरवताना हात आपोआप 'आहे'कडे जातो, कारण 'आहे'ने वाक्य घट्ट बसतं. मी प्रत्येक वाक्याचं मूळ क्रियापद समासात लिहून ठेवलं आणि मराठी क्रियापद त्याच पायरीवर आहे का ते शेवटी एकदा सलग पाहिलं.

निबंधाचा स्वतःचा सारांश मी मुद्दाम शेवटी वाचला. कप्पे आधी पोटातल्या पानांवरून भरायचे आणि मग लेखकांच्या सारांशाशी ताडायचे. जे माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ते क्रम चुकल्यामुळे तर आलं नाही ना, हे पाहायला याहून बरी चाळणी नाही.

गुरुजींना दिलेल्या पानाचा गाभा, पत्त्यांच्या चिठ्ठ्या काढून, असा होता :

पार्श्वभूमी : भूपट्टाच्या कडेपासून दूर, स्थिर समजल्या जाणाऱ्या भागात झालेला विनाशकारी भूकंप.
प्रश्न : जो भ्रंश हलला तो आधीपासून होता, की बेसॉल्टच्या थरांत नव्याने तयार झाला?
पद्धत : दूरच्या केंद्रांवरच्या भूकंपलहरींच्या नोंदी, नंतरचे धक्के आणि जमिनीवर उमटलेल्या भेगेचं निरीक्षण, यांची सांगड.
काय आढळलं : हालचाल उथळ होती; एक बाजू दुसरीवर चढली; भेग पृष्ठभागापर्यंत आली.
त्यावरून काय म्हणतात : भ्रंश नवा असण्याची शक्यता मांडतात. शीर्षकातही ती प्रश्न म्हणूनच आहे.

पानाच्या तळाला, रेघ मारून वेगळी, एक ओळ जोडली : त्याच वर्षीच्या राजेंद्रन आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने उलट बाजू घेतली आहे, पुढे 1999मध्ये राजेंद्रन दांपत्याने किल्लारीबरोबर आपल्या तेरलाही जमिनीत जुन्या भूकंपांच्या खुणा तपासल्या आणि तो अभ्यास 'टेक्टोनोफिजिक्स'मध्ये आला. नवा का जुना हे महत्त्वाचं अशासाठी, की भ्रंश जुना असेल तर त्याचे आधीचे भूकंप जमिनीत शोधता येतात आणि पुढचा किती काळाने येईल याचा विचार करायला काही धागा मिळतो. अगदी नवा असेल, तर मागचा इतिहासच नाही.

गुरुजींनी पान दोनदा वाचलं. मग फोनवर विचारलं, "आन् धरणाचं? ते तर लिहिलंच न्हाईस."

मी म्हटलं, "गुरुजी, धरणावर शास्त्रज्ञांनी दोन्ही बाजूंनी लिहिलंय. काहींनी शक्यता मांडली, काहींनी नाकारली. पण या निबंधाचा मुख्य प्रश्न तो नाही. मला एका पानात त्यांचा प्रश्न बसवायचा होता, आपला नाही."

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बरं. मग धरणावर ज्यांनी लिहिलंय त्यांची पानं हुडक. आन् तेरचं बी. तेबी असंच करून दे, दोन्ही बाजूंचं, येगयेगळ्या कागदावर."

ते दुसरं स्कॅन आता माझ्याकडे आलंय. पहिलं पान 1.3 अंश तिरकं आहे, आणि मधल्या पट्टीवर कुणीतरी पेनाने उभी रेघ ओढून ठेवली आहे. म्हणजे शाई सगळ्यात कमी असलेली जागा शोधणारा माझा हिशेब तिथे चालणार नाही. ती रेघ आधी पुसावी लागेल.